एमसीए स्ट्रोकचं उत्तर लिहिताना: पाय का वाचला?

न्यूरॉलॉजीच्या व्हायवात मला मिडल सेरेब्रल आर्टरीचा, म्हणजे एमसीएचा स्ट्रोक विचारला होता. अर्धांगवायू, संवेदना कमी होणं, अफेझिया, हेमिअनोपिया, नजर एका बाजूला वळणं, निग्लेक्ट ही सगळी लक्षणं मी एका दमात सांगून टाकली. परीक्षकांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘तुमच्या पेशंटला हात हलवता येत नाही, पण तो चालतोय. पाय का वाचला?’’ मला उत्तर देता आलं नाही. लक्षणं पाठ होती, पण त्यातलं कुठलं लक्षण कुठल्या फांदीचं हे डोक्यात वेगळं झालेलं नव्हतं. पुढे ज्युनिअर्सना हा विषय शिकवायची वेळ आली, तेव्हा मी सुरुवात याच प्रश्नापासून केली. ज्याला पाय का वाचला हे सांगता येतं, त्याला अर्धं उत्तर आपसूक लिहिता येतं.

मोटर कॉर्टेक्सवर शरीराचा नकाशा उलटा टांगलेला असतो. चेहरा आणि हात मेंदूच्या बाहेरच्या बाजूवर, आणि पाय वरून आत वळून दोन गोलार्धांमधल्या फटीत उतरलेला. बाहेरची बाजू एमसीएची, आतली बाजू अँटिरिअर सेरेब्रल आर्टरीची. म्हणून एमसीएच्या कॉर्टेक्सकडे जाणाऱ्या फांद्या बंद पडल्या की चेहरा आणि हात जास्त लुळे पडतात, पाय बऱ्यापैकी शाबूत राहतो. मात्र कॉर्टेक्सवर पसरलेले हेच तंतू खाली उतरताना इंटर्नल कॅप्सूलच्या मागच्या भागात एका अरुंद जागेत दाटीवाटीने येतात. तिथे छोटासा घाव झाला तरी चेहरा, हात, पाय तिन्ही सापडतात. म्हणजे पाय किती कमजोर आहे यावरून घाव वर कॉर्टेक्समध्ये आहे की खाली खोलात, याचा पहिला अंदाज येतो.

आता धमनीचा रस्ता. एमसीए इंटर्नल कॅरॉटिडमधून निघते आणि आडवी बाहेरच्या दिशेने जाते. हा भाग म्हणजे तिचं खोड, एम१. खोडाच्या वरच्या अंगाने बारीक बारीक लेंटिक्युलोस्ट्राएट धमन्या काटकोनात निघून थेट खोलात शिरतात आणि पुटामेन, कॉडेटचा काही भाग व इंटर्नल कॅप्सूलच्या वरच्या भागाला रक्त देतात. त्यापुढे सिल्व्हियन फिशरमध्ये खोड बहुतेक वेळा दोन फांद्यांत विभागतं. सुपिरिअर डिव्हिजन फ्रॉन्टल लोबच्या बाहेरच्या बाजूकडे आणि पुढच्या पराएटल भागाकडे जाते, तर इन्फिरिअर डिव्हिजन टेम्पोरल लोब आणि मागच्या पराएटल भागाकडे. उत्तरपत्रिकेत इथे एक आकृती हवीच: गोलार्धाची बाहेरची बाजू, मधून तिरपी गेलेली सिल्व्हियन फिशर, फिशरच्या वर सुपिरिअर, खाली आणि मागे इन्फिरिअर. त्याच आकृतीत ब्रोका, व्हर्निके, फ्रॉन्टल आय फील्ड आणि हाताचा मोटर भाग अशा चार खुणा केल्या की निम्मी लक्षणं आकृतीतूनच वाचता येतात.

एक केस घेऊ. साठीच्या जवळपासची उजव्या हाताने काम करणारी बाई. सकाळी अचानक उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडलं. नाडी अनियमित आहे. तपासताना उजव्या हाताची ताकद पाचपैकी एक, उजवा पाय पाचपैकी चार. चेहऱ्याचा उजवा खालचा भाग ढिला, पण कपाळावर आठ्या दोन्ही बाजूंना पडतात. ‘‘काय होतंय?’’ विचारलं की ती खूप प्रयत्न करून ‘‘हात... नाही... हात’’ एवढंच बोलते आणि शब्द सापडत नाही म्हणून चिडते. ‘‘डोळे मिटा, जीभ बाहेर काढा’’ म्हटलं की लगेच तसं करते. दोन्ही डोळे डावीकडे वळलेले राहतात. दृष्टिक्षेत्र दोन्ही बाजूंना पूर्ण आहे.

एकेक खूण वाचत जाऊ. उजवी बाजू कमजोर, म्हणजे घाव डावीकडे. कपाळ वाचलं, म्हणजे चेहऱ्याची कमजोरी अप्पर मोटर न्यूरॉनची. हात गेला आणि पाय राहिला, म्हणजे कॅप्सूल नव्हे, कॉर्टेक्स. समजतं पण बोलता येत नाही, हा ब्रोका अफेझिया. म्हणजे फिशरच्या वरचा भाग. डोळे डावीकडे वळले कारण डावं फ्रॉन्टल आय फील्ड एरवी नजर उजवीकडे ढकलतं. ते बंद पडलं की उजव्या गोलार्धाचा जोर नजर डावीकडे खेचतो. रुग्ण आपल्या घावाकडे पाहतो, हे वाक्य उत्तरात जरूर लिहा आणि त्याला जोडून अपवादही लिहा: पॉन्समधल्या घावात नजर उलट लुळ्या बाजूकडे जाते, आणि फिट चालू असताना ती घावापासून दूर वळते. शेवटी, दृष्टिक्षेत्र पूर्ण आहे, म्हणजे टेम्पोरल आणि मागचा पराएटल भाग वाचला. हे सगळं जुळतं ते डाव्या सुपिरिअर डिव्हिजनशी, आणि अनियमित नाडीमुळे गुठळी हृदयातून आली असण्याची शक्यता मोठी आहे.

याच बाईच्या केसमध्ये काही खुणा बदलून पाहा. पाय हाताइतकाच लुळा आहे, तिला काही समजतही नाही आणि बोलताही येत नाही, शिवाय उजव्या बाजूचं दिसत नाही. आता घाव खोडात, लेंटिक्युलोस्ट्राएट निघण्याच्या आधीच सरकला आहे. कॅप्सूल गेलं म्हणून पाय गेला, दोन्ही डिव्हिजन गेल्या म्हणून ग्लोबल अफेझिया आणि हेमिअनोपिया. उजव्या गोलार्धात हेच घडलं तर अफेझियाच्या जागी डाव्या बाजूचं निग्लेक्ट येतं आणि कित्येकदा आपल्याला काही झालंय हेच रुग्णाला मान्य नसतं. खोडाच्या उत्तरात एक वाक्य अनेकजण विसरतात: मोठ्या इन्फार्क्टला दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सूज येऊ शकते आणि जाणीव ढासळू लागते. निवडक रुग्णांत ४८ तासांच्या आत कवटीचा भाग काढून मेंदूला जागा देण्याची शस्त्रक्रिया त्यासाठीच करतात.

बदल दुसऱ्या दिशेने करा. चेहरा, हात, पाय तिन्ही सारखेच कमजोर, पण बोलणं व्यवस्थित, नजर सरळ, दृष्टिक्षेत्र पूर्ण, संवेदना ठीक. ही एखाद्या लेंटिक्युलोस्ट्राएटची बारीक, साधारण दीड सेंटिमीटरच्या आतली लॅक्युन, म्हणजे प्युअर मोटर हेमिपॅरेसिस. कारण बहुधा जुन्या रक्तदाबाने खराब झालेली बारीक धमनी. तंतू दाटीत असल्याने अशक्तपणा भरपूर आणि कॉर्टेक्सला हात न लागल्याने कॉर्टिकल लक्षण एकही नाही. ‘कॉर्टिकल लक्षण नाही’ हा मुद्दा स्पष्ट लिहा, परीक्षक तोच शोधत असतात. मर्यादाही सांगा: खोड बंद असूनही कॉर्टेक्सला बाजूच्या धमन्यांतून रक्त मिळत राहिलं, तर फक्त खोल भागाचा मोठा घाव होतो आणि तो लॅक्युनसारखा दिसू शकतो. त्यात अफेझिया किंवा निग्लेक्टही सापडतं आणि घाव लॅक्युनपेक्षा मोठा असतो.

इन्फिरिअर डिव्हिजनवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण तिथेच चूक होते आणि माझ्याही हातून झाली होती. इंटर्न असताना रात्रीच्या ड्यूटीत एका गृहस्थांना घेऊन नातेवाईक आले. ‘‘सकाळपासून भलतंसलतं बोलतायत, सांगितलेलं ऐकत नाहीत’’ अशी तक्रार. ते अस्खलित बोलत होते, सूर आणि लय अगदी नेहमीच्या बोलण्यासारखी, पण शब्दांना अर्थ नव्हता; मध्येच कुठल्याही भाषेत नसलेले शब्द. हातपाय उत्तम चालत होते, ते स्वतः चालत आत आले होते. ‘‘हात वर करा’’ म्हटल्यावर हसून बोलतच राहिले. मी कागदावर ‘गोंधळलेली अवस्था’ लिहून मानसोपचार विभागाचं मत मागितलं. सीनिअरनी येऊन फक्त एक गोष्ट केली: त्यांच्या डोळ्यांकडे उजवीकडून आणि डावीकडून, वरून आणि खालून एकेकदा हात झटकन नेला. तीन दिशांनी पापणी मिटली, उजवीकडे वरून मिटली नाही. सीटीमध्ये त्या वेळी काही ठळक दिसलं नव्हतं, डिफ्यूजन एमआरआयमध्ये डाव्या टेम्पोरल लोबच्या मागच्या भागात ताजा इन्फार्क्ट होता.

तो वरचा उजवा कोपरा जाण्याचं कारण उत्तरात दोन ओळींत येतं. ऑप्टिक रेडिएशनचे जे तंतू टेम्पोरल लोबमधून वळसा घेऊन जातात, ते विरुद्ध बाजूच्या वरच्या चतुर्थांशाची दृष्टी नेतात. पराएटलमधून जाणारे खालच्या चतुर्थांशाची. घाव दोन्हीकडे पसरला की पूर्ण हेमिअनोपिया. म्हणून डाव्या इन्फिरिअर डिव्हिजनचं चित्र असं: व्हर्निके अफेझिया, उजवीकडची दृष्टी कमी, आणि हातापायात जवळपास काहीच नाही. मोटर पट्टी फिशरच्या वर असल्याने ती सुटते. घाव मागे अँग्युलर जायरसपर्यंत गेला तर गेर्स्टमानची चार लक्षणं येतात: बोटं ओळखता न येणं, हिशेब न जमणं, लिहिता न येणं, आणि डावं-उजवं गोंधळणं. उजव्या बाजूला हाच घाव झाला तर निग्लेक्ट, आकृत्या काढता न येणं, आणि कधीकधी अचानक अस्वस्थ, गोंधळलेलं वागणं, ज्यात स्ट्रोकचा संशयच येत नाही. अफेझिया नाही, लुळेपण नाही, तरीही दृष्टिक्षेत्र तपासलं तर डाव्या बाजूचं दिसत नसल्याचं सापडतं.

लिहिताना क्रमही या विचाराचाच ठेवा. आधी आकृती आणि धमनीचा रस्ता, मग पाय का वाचतो याची एक ओळ, मग खोड, खोल धमन्या, सुपिरिअर, इन्फिरिअर. प्रत्येक डिव्हिजनखाली लक्षण आणि त्याच्याशेजारी त्या लक्षणाची जागा लिहा. ‘नजर घावाकडे’ एवढंच नको, ‘नजर घावाकडे, फ्रॉन्टल आय फील्ड’ असं. डावा-उजवा फरक प्रत्येक फांदीखाली वेगळा दाखवा, आणि तिथे ‘डावा गोलार्ध’ न लिहिता ‘डॉमिनंट गोलार्ध, बहुतेकांत डावा’ असं लिहा, कारण काही डावखुऱ्यांत भाषा उजवीकडे असते. वेळ उरला तर वरची बाईंची केस चार ओळींत लिहून शेवटची ओळ अशी करा: डाव्या एमसीएच्या सुपिरिअर डिव्हिजनचा एम्बॉलिक इन्फार्क्ट, पाय सुटला म्हणून कॅप्सूल नाही, दृष्टिक्षेत्र पूर्ण म्हणून इन्फिरिअर डिव्हिजन नाही.