बाळंतपणाची रजा घेताना या चुका टाळा, आणि आधी सही करायची थांबवा

जळगाव एमआयडीसीत मी बरीच वर्षं पगारपत्रकं केली. आता ओळखीपाळखीतल्या बायका फोन करतात, "ताई, सातवा लागला, रजेचं कसं?" त्यातल्या निम्म्या जणींनी तोपर्यंत काहीतरी चुकवलेलं असतं, आणि चूकही दरवेळी तीच. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे राजीनामा. चटईच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम बघणारी एक मुलगी, पगार चोवीस हजार. मे महिन्यातला उकाडा, पायाला सूज, पहिलंच बाळंतपण, त्यामुळे माहेरी अमळनेरला जायची घाई. साहेब म्हणाले, "सहा महिन्यांची रजा आपल्याकडे नसते. राजीनामा लिहून दे, बाळ झालं की परत घेऊ." हिने लिहून दिला, तोही "वैयक्तिक कारणास्तव" असं म्हणत आणि तारीख न टाकता. तारीख साहेबांनी टाकली. चार महिन्यांनी बाळाला घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या खुर्चीवर दुसरी बसलेली होती. मी म्हटलं, "अय माय वं, सही करण्याआधी एक फोन तरी करायचा!"

तिचं गेलं काय ते बघा. पगार 21,000 च्या वर असल्याने ती ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेत नव्हती, म्हणजे रजेचे पैसे मालकानेच द्यायचे होते. 26 आठवडे, ढोबळ सहा महिन्यांचा पगार: जवळजवळ 1,44,000 रुपये. वर नोकरी. रजेवर असताना कामावरून काढणं, नोटीस देणं किंवा अटी तिच्या तोट्याच्या करणं कायद्याला मान्य नाही. काढलंच, तर काढल्याच्या आदेशापासून 60 दिवसांत अपील करता येतं. पण तिच्या हातात काढल्याचा आदेश नव्हता, मालकाच्या हातात मात्र तिचाच राजीनामा होता. "रजा मिळणार नाही, राजीनामा टाक" असा साहेबांचा एक व्हॉट्सॲप संदेश सुदैवाने उरला होता. त्यावर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार केली, मालकाने थोडे पैसे देऊन तडजोड केली. नोकरी गेली ती गेलीच. आता कोणी विचारलं की मी एवढंच सांगते: राजीनाम्याचा विषय निघाला की "घरी विचारून सांगते" म्हणायचं आणि बाहेर पडायचं.

दुसरी चूक: पैसे कोणाकडे मागायचे हेच न बघता मालकाशी भांडणं, किंवा न भांडता गप्प बसणं. पगारपावती काढा आणि ईएसआयची कपात आहे का बघा. पगाराच्या पाऊण टक्का कापतात, 16,000 पगार असेल तर 120 रुपये. कपात असेल तर रजेचे पैसे मालक देत नाही, ईएसआय महामंडळ देतं. तिथेही 26 आठवडेच, आणि सरासरी रोजच्या पूर्ण वेतनाप्रमाणे. कपात नसेल आणि कामाच्या ठिकाणी दहा किंवा जास्त माणसं असतील, तर देणं मालकावर. कारखाना असेल तर ही दहाची मोजणी लागतच नाही. 1961 चा मातृत्व लाभ कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण मुख्य हक्क तेच राहिले. तेव्हा "जुना कायदा रद्द झाला" म्हणणाऱ्या हिशेबनिसाकडे फारसं लक्ष देऊ नका.

पाऊण टक्का कापला म्हणजे भरला असं नाही, आणि घाईतल्या बायका हेच विसरतात. मी एकीला पोर्टलवर तिच्या विमा क्रमांकाची नोंद उघडून दाखवली, तर चार महिने कपात होती आणि भरणा शून्य. ईएसआयसाठी लागोपाठच्या मागच्या दोन अंशदान काळांत मिळून किमान 70 दिवसांचं अंशदान जमा लागतं. हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. बाळंतपण ऑगस्टमध्ये असेल, तर मागच्या वर्षीच्या एप्रिलपासून यंदाच्या मार्चअखेरपर्यंतचे दिवस बघतात; यंदा एप्रिलनंतर भरलेले त्यात धरत नाहीत. यंदा एप्रिलमध्येच नोंद लागलेली बाई तिथे अडकते. म्हणून दिवस गेल्याचं कळलं की त्याच आठवड्यात नोंद बघा, सातव्या महिन्यात नको.

मालकाकडून घ्यायचं असेल तर 80 दिवसांचा नियम. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं. त्यात पगारी सुट्ट्या धरतात. एक वर्ष नोकरी झालीच पाहिजे ही अफवा आहे. रोजंदारीवरच्या बाईलाही हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगून ठेवलंय.

आता तारखा. समजा डॉक्टरांची तारीख 10 ऑगस्ट. त्याआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात, म्हणजे रजा 15 जूनपासून. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस, शेवटचा दिवस 13 डिसेंबर. माझा सल्ला: तब्येत साथ देत असेल तर आधीचे दिवस थोडे कमी घ्या आणि नंतरचे वाढवा, बाळ सोडून जाणं आठव्या महिन्यातल्या कमरेपेक्षा जड जातं. दोन मुलं हयात असताना तिसरं असेल तर 12 आठवडे, त्यातले आधी सहाच. रविवार वजा करून पैसे देणारे मालक भेटतात. 1977 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हे खोडून काढलंय. रोज 450 असेल तर 26 रविवारांचे 11,700 रुपये होतात, सोडू नका.

अर्ज तोंडी करू नका. मी असाच लिहून देते:

"मी अमुक तारखेपासून प्रसूती रजेवर जात आहे. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रानुसार प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक आहे. प्रसूती लाभाची रक्कम मला, अथवा माझ्या वतीने अमुक यांना द्यावी. या काळात मी दुसरीकडे काम करणार नाही."

दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि तारीख. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्ट, पोचपावतीसह. गर्भधारणेचा पुरावा दिल्यावर प्रसूतीआधीच्या काळाचे पैसे आगाऊ, बाकीचे जन्माचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत द्यायचे असतात. अर्ज आधी राहून गेला तर बाळंतपणानंतरही देता येतो. त्यावाचून हक्क बुडत नाही, पण पैसे लांबतात.

झेडपीच्या शिक्षिकांनो, तुमच्या 180 दिवसांच्या रजेचे नियम वेगळे, हे वाचून मुख्याध्यापकांशी भांडू नका.

परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा अंगावर पाजायची सुट्टी असते. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर लागतं, जळगावात किती ठिकाणी दिसतं ते मला विचारू नका. हजर व्हायच्या आदल्या आठवड्यात "14 डिसेंबरला मी रुजू होत आहे" असं त्याच पत्त्यावर पत्र पाठवा आणि त्याचीही पोचपावती जपा. कामगार निरीक्षकासमोर माझ्या बायकांनी दाखवलेला सगळ्यात उपयोगी कागद बहुतेक वेळा हाच निघाला.