थकलेल्या बिलाचं पत्र: नम्र राहून ठाम कधी, रीतसर मागणी कधी? या चुका टाळा

बिल थकलं की आधी फोन, मग व्हॉट्सअॅपवर "भाऊ, तेवढं बघा ना", आणि एक दिवस संताप झाला की थेट वकिलाची नोटीस. खानदेशातल्या लहान कारखानदाराची वसुली बहुधा अशीच चालते. यात एक टप्पा गाळला जातो: नम्र पण ठाम असं लेखी पत्र. तो गाळल्याचा फटका नोटिशीनंतर बसतो.

एक हिशेब समोर ठेवू. जळगाव एमआयडीसीतला पुठ्ठ्याच्या पेट्या बनवणारा एक सूक्ष्म उद्योग सावद्याच्या केळी निर्यातदाराला माल देतो. ऑर्डरवर लिहिलं आहे, "बिलापासून ३० दिवस". बिलं तीन: १२ ऑगस्ट २०२५ चं १,८६,००० रुपये, २९ ऑगस्टचं १,४२,००० आणि १० सप्टेंबरचं ९७,०००. एकूण ४,२५,०००. नोव्हेंबरात बँकेतून ७५,००० आले. बाकी राहिली ३,५०,०००. जानेवारी उजाडला तरी फोनवर उत्तर एकच: "पेमेंट अडकलंय, आखाजीपर्यंत क्लिअर करतो."

चूक पहिली: बाकी किती जुनी आहे, यावरून भाषा ठरवणं

चार महिने झाले म्हणून आता कडक व्हायचं, हा हिशेब चुकीचा आहे. पाहायचं असतं ते हे: समोरच्याने रक्कम लेखी मान्य केली आहे का?

वरच्या निर्यातदाराने "देतो" असं शंभरदा म्हटलं असेल, पण सगळं तोंडी. अशा वेळी थेट नोटीस गेली की ती त्याच्या वकिलाकडे जाते. उत्तरात पहिल्यांदाच वाचायला मिळतं की पेट्या ओल धरत होत्या, कोल्ड रूममध्ये थर खचले, जीएसएम कमी होता, म्हणून काही देणं लागत नाही. कालपर्यंत वाद नव्हता. नोटिशीने त्याला बचाव तयार करायला भाग पाडलं.

म्हणून आधी नम्र, ठाम पत्र. त्याचं काम पैसे आणणं तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या सहीशिक्क्याने बाकी मान्य करून घेणं. संबंध चांगले असताना माणूस बाकीच्या पत्रकावर सही करतो. नोटीस मिळाल्यावर करत नाही. ती सही हातात असेल तर पुढचं कडक पत्र खरोखर कडक ठरतं.

चूक दुसरी: नम्र पत्रात विनंती असते, मागणी नसते

"कृपया लवकरात लवकर सहकार्य करावे" या वाक्यात ना रक्कम आहे, ना तारीख. ते वाचून कुणी चेक फाडत नाही. नम्रपणा संबोधनात आणि शब्दांत ठेवायचा. आकड्यांत आणि तारखेत नाही. आपल्या उदाहरणात पत्र असं हवं:

> १२ जानेवारी २०२६
>
> श्री. … शेठ यांस, स. न. वि. वि.
>
> आपल्याकडे पाठवलेल्या पेट्यांच्या तीन बिलांपोटी आजअखेर ३,५०,००० रुपये येणे आहेत. नोव्हेंबरात मिळालेले ७५,००० रुपये १२ ऑगस्टच्या बिलात जमा धरले आहेत. त्या बिलाचे १,११,०००, २९ ऑगस्टच्या बिलाचे १,४२,००० आणि १० सप्टेंबरच्या बिलाचे ९७,००० रुपये बाकी आहेत. शेवटच्या बिलाची मुदत १० ऑक्टोबरला संपली.
>
> ही रक्कम २७ जानेवारीपर्यंत आमच्या बँक खात्यात जमा करावी. एकदम शक्य नसल्यास हप्त्यांच्या तारखा याच मुदतीत लेखी कळवाव्यात. सोबत खातेउतारा जोडला आहे. बाकी बरोबर असल्यास एका प्रतीवर सही-शिक्का करून परत पाठवावी. फरक असल्यास तो कळवावा.

यात "नाहीतर" कुठेच नाही, तरी पळवाटही नाही. आलेली रक्कम कोणत्या बिलात धरली ते लिहिल्यामुळे पुढे वाद राहत नाही. देणाऱ्याने पैसे देताना बिल सांगितलं असेल तर मात्र त्याच बिलात धरावे लागतात. "फरक असल्यास कळवावा" ही ओळ टाळू नका. खरी तक्रार असेल तर ती आत्ताच बाहेर येते, आणि नसेल तर नंतर काढलेल्या तक्रारीचं वजन घटतं.

याच पत्रात दोन गोष्टी धमकीचा सूर न लावता सांगता येतात. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. १२ ऑगस्टच्या बिलासाठी ते दिवस ८ फेब्रुवारीला भरतात. दुसरी गोष्ट आयकराची. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल कायद्याच्या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळतो. हा नियम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू आहे. म्हणजे ३१ मार्च उलटला तर त्याचा त्या वर्षीचा कर वाढतो. "आपल्या सीए साहेबांना एकदा विचारून घ्यावे" एवढं लिहिलं तरी पुरतं. बऱ्याचदा शेठपेक्षा त्याचा सीएच हा निरोप गांभीर्याने घेतो.

"आखाजीपर्यंत" किंवा "सीझन लागू द्या" असं उत्तर आलं तर ते झिडकारू नका, कॅलेंडरवर आणा: "आपण अक्षय्य तृतीयेचे म्हणालात, ती १९ एप्रिलला आहे. तोवर दरमहा किती, ते कळवावे."

चूक तिसरी: दोन्ही सूर एकाच पत्रात

वर "आपले जुने संबंध लक्षात घेता" आणि खाली "अन्यथा कायदेशीर कारवाई". वाचणारा वरचं वाक्य धरतो आणि खालचं सोडून देतो. पुढे खरी नोटीस गेली तरी तिचं वजन आधीच खर्च झालेलं असतं.

चूक चौथी: रीतसर पत्रात राग, आणि आपल्या हातात नसलेल्या धमक्या

भाषा बदलायची वेळ ओळखता येते: पत्राला उत्तर नाही, किंवा लेखी दिलेली तारीख मोडली, किंवा रक्कमच नाकारली. यातलं एक घडलं की "शेठ" आणि "स. न. वि. वि." जातं, "महोदय" आणि "विषय" येतो. फोनवरचं बोलणं मात्र पूर्वीसारखंच शांत ठेवा. कडकपणा कागदात असू द्या.

"पोलिसांत देऊ", "ग्रुपवर नाव टाकू", "तुमची गाडी सावद्यातून हलू देणार नाही" असली वाक्यं लिहू नका. साधी उधारी वसूल करणं पोलिसांचं काम नाही. ग्रुपवरच्या बदनामीचा आणि गाडी अडवण्याचा खटला उलट तुमच्यावर होऊ शकतो. शिवाय ते पत्र पुढे त्याच्याच फाईलमध्ये पुरावा म्हणून लागतं.

त्याऐवजी जे खरोखर करता येतं तेच लिहा. एमएसएमई विकास कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. लेखी मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. बँक रेट ५.५ टक्के धरला तर दर १६.५ टक्के होतो, आणि ३,५०,००० वर पहिल्या महिन्याचं व्याज सुमारे ४,८१० रुपये. आकडा पत्रात घालण्याआधी त्या त्या काळातला बँक रेट तपासून घ्या. चुकीचा आकडा सगळ्या पत्राचा विश्वास घालवतो. आपल्या हिशेबात २ फेब्रुवारीचं पत्र असं असेल:

> विषय: थकीत रक्कम ३,५०,००० रुपये व कायदेशीर व्याजाची मागणी
>
> महोदय, १२ जानेवारीच्या पत्रास उत्तर मिळालेले नाही. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण कोणतीही लेखी हरकत घेतलेली नाही. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत मुद्दल व सोबतच्या तक्त्याप्रमाणे व्याज द्यावे. न दिल्यास आम्ही सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज दाखल करू. आमचा उद्यम क्रमांक …

हरकतीचं वाक्य मुद्दाम आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत नसेल, तर तो पोचल्याच्या दिवशीच स्वीकारला असं हा कायदा धरतो. उशिरा काढलेल्या "पेट्या ओलावल्या" या तक्रारीला तिथे उत्तर आहे. हरकत वेळेत आली असेल तर हे वाक्य काढा. तेव्हा आधी मालाचा वाद मिटवावा लागतो.

उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची हवी. नंतर केलेल्या नोंदणीवर हमखास वाद उभा राहतो. तसंच, केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याने उद्यम प्रमाणपत्र आहे म्हणून या व्याजाची भाषा वापरू नये. ती नोंदणी त्याला प्राधान्य कर्जापुरती उपयोगी पडते. त्याने ऑर्डर किंवा बिलावर ठरलेलं व्याज मागावं आणि पुढचं पाऊल म्हणून दिवाणी दावा लिहावा.

पत्र पोचपावती मिळेल अशा स्पीड पोस्टने पाठवा, प्रत ई-मेलवरही टाका. व्हॉट्सअॅपवर पाठवून निळ्या खुणांवर विसंबू नका.

चूक पाचवी: मुदत धावत असताना गोड बोलत बसणं

दोन ठिकाणी नम्र पत्राची पायरी गाळावीच लागते. पहिलं, चेक परत आला तर. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर देणाऱ्याला १५ दिवस मिळतात, आणि ते संपल्यापासून एका महिन्यात न्यायालयात तक्रार. "पुन्हा टाका, या वेळी पास होईल" असं तो म्हणाला तर चेकच्या तीन महिन्यांच्या वैधतेत तो पुन्हा टाकता येतो, पण दिवस मोजत राहा. या नोटिशीत चेकची रक्कम नेमकी आणि वेगळी मागा. व्याज, खर्च आणि जुनी बाकी तिच्यात मिसळली की नोटीसच वादात सापडते. हे काम वकिलाकडूनच करून घ्या.

दुसरं, तीन वर्षांची दाव्याची मुदत. ३० दिवसांची उधारी ठरलेली असल्याने पहिल्या बिलाची तीन वर्षं ११ सप्टेंबर २०२५ पासून मोजायची. तुम्ही नोटीस पाठवली म्हणून ही मुदत वाढत नाही, कितीही पाठवल्या तरी. ती नव्याने सुरू होते ती देणेकऱ्याने मुदतीच्या आत सही करून बाकी मान्य केली तर, किंवा काही रक्कम दिली आणि त्याची त्याच्या सहीची किंवा हस्ताक्षरातली नोंद असेल तर. पहिल्या पत्रातल्या सहीशिक्क्याचा हा दुसरा उपयोग. व्हॉट्सअॅपवरचं "देतो भाऊ" पुरावा म्हणून जपून ठेवा, मूळ फोनसकट, पण सहीची जागा ते घेईल असं गृहीत धरू नका.

चूक सहावी: कडक पत्रानंतर थोडे पैसे आले की गप्प बसणं

मागणीपत्र मिळताच बरेच जण पन्नास हजार टाकतात आणि फोन करतात, "झालं ना आता?" त्याच दिवशी लिहा: "५०,००० रुपये मिळाले, ते १२ ऑगस्टच्या बिलात जमा केले. बाकी मुद्दल ३,००,००० रुपये. २ फेब्रुवारीच्या पत्रातील मुदत कायम आहे." हप्ते मान्य करायचे असतील तर दोघांच्या सह्यांचा कागद करा. त्यात हप्त्यांच्या तारखा, प्रत्येक हप्त्याचा त्या तारखेचा चेक आणि एक हप्ता चुकल्यास सगळी बाकी लगेच देय होईल हे कलम असू द्या. नवा माल हवा असेल तर तो हप्ते पुरे होईपर्यंत रोखीनेच द्या, आणि त्याचं बिल जुन्या खात्यात मिसळू नका.