कारखान्यातील निरीक्षणात कामगारांचे बदललेले वागणे कसे ओळखावे आणि कमी करावे

वही आणि स्टॉपवॉच घेऊन कोणी शेजारी उभे राहिले की कामगार नेहमीसारखे काम करत नाहीत. ते कामाचा वेग वाढवतातच असे नाही; या मोजणीवरून कामाचा दर ठरणार अशी शंका आली, तर ते मुद्दाम सावकाशही करतात. म्हणून बदल कोणत्या दिशेने होतो आहे हे आधी गृहीत धरू नये.

पहिले काम आत जाण्यापूर्वीचे. समजा, भोसरीतील एका लेथ विभागाचा अभ्यास करायचा आहे. तेथील उत्पादन रजिस्टरमधून मागील चार आठवड्यांचे प्रत्येक पाळीचे आकडे, मालक आणि कामगार या दोघांच्या संमतीने, उतरवून घ्यावेत. नंतर तुलनेला हाच आधार असतो.

दुसरे काम ओळख करून देण्याचे. सुपरवायझरने हाताला धरून फिरवले, तर निरीक्षक कायमचा मालकाचा माणूस ठरतो. त्यापेक्षा युनियनच्या प्रतिनिधीसमोर उद्देश सांगावा आणि नावानिशी नोंद कोणालाही दाखवली जाणार नाही, हे लेखी द्यावे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1931-32 मध्ये 14 कामगारांच्या खोलीत बसवलेल्या निरीक्षकाला हुकूम न देण्याचे, वादात न पडण्याचे आणि विश्वासाने सांगितलेले बाहेर न नेण्याचे बंधन होते. कामगार ठरवून उत्पादन मर्यादित ठेवतात, हे त्याला दिसू शकले ते बरेचसे यामुळेच.

त्यानंतर रोज ठरावीक जागी बसावे, पण सुरुवातीच्या नोंदी निष्कर्षासाठी वापरू नयेत. समजा, रजिस्टरची सरासरी पाळीला 210 नग आहे, पहिल्या दिवशी 238 निघाले आणि हळूहळू आकडा 212 वर येऊन काही दिवस तिथेच राहिला. ऑर्डर, यंत्र आणि माणसे तीच असतील, तरच सवय झाली असे म्हणता येईल.

येथेच बहुतेकजण थांबतात, आणि ते घाईचे आहे. नगांची संख्या पूर्ववत झाली तरी सुरक्षेचे वागणे बदललेलेच राहू शकते, कारण गॉगल न लावल्याबद्दल बोलणी बसण्याची भीती संपलेली नसते. अशा वागण्यासाठी माणसाकडे न पाहता त्याने मागे ठेवलेल्या खुणा पाहाव्यात: स्टोअरमधून दरमहा किती गॉगल बदलून घेतले जातात, खुंटीवरच्या गॉगलवर धूळ आहे की ओरखडे. धुळीचा थर बसलेला गॉगल आणि वहीतील ‘गॉगल लावला’ ही नोंद एकमेकांशी जुळत नसतील, तर नोंद संशयास्पद मानावी.

फेरीच्या वेळा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, नाहीतर अकराच्या चहानंतर ‘साहेब येणार’ हे सर्वांना पाठ होते. लपून निरीक्षण मात्र करू नये. ते उघडकीस आले की पुढच्या अभ्यासकाला कोणी उभे करत नाही. एवढे करूनही काही परिणाम उरतोच, म्हणून अहवालात निरीक्षणाच्या काळातील आणि रजिस्टरमधील आकडे शेजारी-शेजारी द्यावेत.