अंदाज नसलेली कामं शून्य तासांची नसतात

समजा, जळगावच्या जिनिंग मिलसाठी काटापट्टीचं सॉफ्टवेअर दसऱ्याला सुरू व्हायचंय. कापसाची आवक काही थांबणार नाही. हातात 5 आठवडे, कामं 48. त्यातल्या फक्त 20 कामांचे तास लिहिलेत, बेरीज 100. बाकीच्या 28 रकान्यांत काहीच नाही, आणि शीट त्यांना शून्य धरते.

त्या 28 मधून चिठ्ठ्या टाकून 6 कामं काढा आणि त्यांचेच तास ठरवा. स्वतः निवडाल तर सोपीच उचलाल. सरासरी 8 तास आली, तर 28 कामांचे 224, एकूण 324. लिहिलेल्या 20 कामांची सरासरी 5 होती. साहजिक आहे, न समजलेल्या कामांचाच रकाना रिकामा राहतो.

आता वेग पडताळा. गेल्या महिन्यात आठवड्याला 8 कामं संपली असतील, पण 2 नवीही आली असतील, तर 5 आठवड्यांत 40 संपतील, 10 वाढतील, 18 उरतील. तासांचा हिशेब याहून गोड निघाला तरी मी हाच आकडा धरेन. कोणती 18 कामं दसऱ्यानंतर चालतील, हे मिलमालकाला याच आठवड्यात विचारा. वजन आणि पावती सोडून बहुतेक थांबू शकतं. दर सोमवारी पुन्हा मोजा.