शाळेच्या प्रवेशाचा व्हिडिओ : दीड मिनिटाची खरी स्क्रिप्ट कशी लिहावी

तीन वर्षांपूर्वी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूच्या एका शाळेसाठी मी प्रवेशाच्या व्हिडिओची स्क्रिप्ट लिहून दिली. त्यात एक वाक्य होतं, "सुसज्ज संगणक कक्ष." जूनमध्ये एक आई मुलीला सोडायला आली. घरी विड्या वळणारी बाई, व्हिडिओ नीट ऐकून आलेली. संगणकाच्या खोलीत डोकावून तिनं विचारलं, "वीस दिसतायत, चालू किती? माझ्या मुलीचा नंबर कधी लागणार?" चालू 11 होते आणि पहिलीला संगणकाचा तासच नव्हता. तिला उत्तर मुख्याध्यापिकांना द्यावं लागलं, पण ती चूक माझी होती. पुढच्या वर्षी त्याच शाळेची स्क्रिप्ट मी नव्यानं लिहिली. इथे सांगतोय ती पद्धत तेव्हाची आहे.

सुरुवात वहीपासून करा. शाळा भरलेली असताना एक पूर्ण दिवस तिथे फिरा. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, कारण रिकामी शाळा नेहमीच मोठी आणि स्वच्छ दिसते. प्रत्येक सोयीपुढे तीन गोष्टी लिहा : आज चालू किती आहे, कोणत्या वर्गाला मिळते, आठवड्यातून किती वेळा मिळते. "ग्रंथालय आहे" याला अर्थ नाही. "चौथीला दर गुरुवारी पुस्तक घरी नेता येतं" याला आहे. ज्या सोयीपुढे तिन्ही रकाने भरता येत नाहीत, ती स्क्रिप्टमध्ये घेऊ नका. शाळेनं यूडायस प्लस या सरकारी पोर्टलवर दरवर्षी भरलेली माहितीही कार्यालयातून मागून घ्या. खोल्या, स्वच्छतागृहं, संगणक, मैदान हे सगळं तिथे असतं आणि पालकही ते पाहू शकतात. व्हिडिओत एक आकडा आणि तिथे दुसरा, असं झालं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

मग ऐकणारा कोण आहे ते डोळ्यांसमोर आणा. पूर्व सोलापुरात वडील यंत्रमागावर असतील तर ते व्हिडिओ खटखटाटात बघणार, म्हणजे आवाज ऐकूच येणार नाही. आई घरी विड्या वळत असेल तर तिची नजर पानावर असणार, ती फक्त ऐकणार. म्हणून प्रत्येक वाक्य मोठ्या अक्षरात पडद्यावरही हवं आणि चित्र न बघताही कळायला हवं. "इथे बघा, हे आमचं…" असलं वाक्य त्या आईच्या काहीच उपयोगाचं नाही.

लांबी आधी ठरवा. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द होतात. दीड मिनिटाचे 150 ते 180 झाले, पण श्वास घ्यायला आणि चित्रांना जागा हवी, म्हणून 150 च्या आत राहा. एवढ्यात पाचच गोष्टी मावतात. संस्थेचा इतिहास, अध्यक्षांचं मनोगत, बक्षिसांची यादी हे सगळं बाहेर ठेवा. यावर शाळेशी वाद होतो. तो शूटिंगच्या आधी घालून मोकळं व्हावं.

दुसऱ्या वर्षीची आमची स्क्रिप्ट अशी होती. आवाज मुख्याध्यापिकांचा.

गेटवर रिक्षातून उतरणारी मुलं :
"नमस्कार. मुलाला पहिलीत घालायचं म्हणताय, तर आमच्याकडे काय आहे आणि काय नाही, ते आधी सांगते."

पहिलीचा वर्ग, शेवटच्या बाकावरून :
"पहिलीच्या तुकडीत 38 मुलं आहेत. जास्त आहेत, म्हणून वाचनाच्या तासाला दुसऱ्या बाईही वर्गात असतात. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर काळजी नको, सुरुवातीला बाई मुलांच्या भाषेतूनच समजावतात."

संगणकाची खोली :
"चालू संगणक 11 आहेत. तिसरीपासून आठवड्याला एक तास, दोघांत एक. पहिली-दुसरीला संगणक नाही."

पाण्याच्या टाकीपाशी मुलं :
"शहरात पाणी रोज येत नाही. आमच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात कमी पडतं, तेव्हा टँकर मागवतो. तरी मुलाला बाटली द्या."

रस्ता ओलांडणारी रांग :
"स्वतःचं मैदान नाही. बुधवारी आणि शनिवारी जवळच्या मैदानावर नेतो, सोबत दोन शिक्षक असतात."

कार्यालयाची खिडकी :
"फी, पुस्तकं, गणवेश, सगळा खर्च एका कागदावर लिहून मिळेल. मुलाची परीक्षा घेत नाही. शनिवारी सकाळी शाळा चालू असताना येऊन बघा."

तुकडीतल्या 38 मुलांचा आकडा काढून टाका, असा आग्रह मुख्याध्यापिकांनी धरला होता. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे, त्यामुळे त्यांना संकोच वाटणं साहजिक होतं. पण पालक पहिल्याच दिवशी बाक मोजतात. आकडा ठेवला आणि लगेच पुढे दुसऱ्या बाईंची गोष्ट जोडली. उणीव सांगायची ती अशीच : आधी साधा आकडा, त्याच्यामागोमाग शाळा आज त्यावर काय करते ते. "लवकरच नवीन इमारत होणार" हे आज काय करतो यात बसत नाही. आणि उणीव स्क्रिप्टच्या मध्यावर घ्या. शेवटी ठेवली तर पालक तेवढीच लक्षात ठेवतात, आणि अजिबात गाळली तर जूनमध्ये दारात उभे राहून विचारतात.

परीक्षेचं वाक्य मुद्दाम आहे. 2009 च्या याच कायद्याच्या कलम 13 प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी-मुलाखत घेता येत नाही आणि देणगीही मागता येत नाही. तरीही "निवडक विद्यार्थ्यांनाच प्रवेश" असं लिहून मागणाऱ्या शाळा भेटतात. ते वाक्य लिहायचं नाही. शाळा विनाअनुदानित असेल तर 25 टक्के राखीव जागांचे अर्ज शासनाच्या ऑनलाइन सोडतीतून होतात, शाळेच्या खिडकीवर नाही. ही ओळ पडद्यावर लेखी टाका. नाहीतर लोक हातातलं काम टाकून खिडकीशी रांग लावतात आणि परत जातात.

शूटिंगबद्दल एवढंच. मोबाइलची रुंद लेन्स, म्हणजे 0.5x, वापरू नका. तिच्यात छोटी खोली हॉलएवढी दिसते, आणि हेही खोटंच झालं. 1x वर, माणसाच्या उंचीवरून घ्या. ज्या मुलांचे चेहरे दिसतील त्यांच्या पालकांची लेखी परवानगी आधी घ्या.

शेवटची तपासणी कागदावर होत नाही. घड्याळ लावून स्क्रिप्ट मोठ्यानं वाचा. जिथे जीभ अडखळते, तिथलं वाक्य तोडा. मग वाचून दाखवायची ती संस्थाचालकांना नाही, तर शाळेतल्या शिपाई मावशींना. आमच्या मावशींनी मैदानाच्या ओळीवर हात वर केला. म्हणाल्या, "पावसाळ्यात तिथं चिखल होतो की. तवा आपण पोरांना गच्चीवर कवायत करायला लावतो." म्हणून त्या वाक्याच्या पुढे आणखी एक आलं, "पावसाळ्यात मैदान नाही, गच्चीवर कवायत," आणि जागा करायला फीच्या वाक्यातले चार शब्द गेले.