या चुका टाळा: अडकलेला सिम ट्रे, ढिलं वाटणारं नॅनो सिम आणि घरातली कात्री

अडकलेला सिम ट्रे घेऊन दांडिया बाजारातल्या माझ्या दुकानात येणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मी काहीच केलं नाही." दुसरंही ठरलेलं, "फक्त जरा ओढून बघितलं." सगळी गडबड त्या 'जरा'मध्ये असते.

ट्रे पूर्ण आत आहे आणि पिन घालूनही हलत नाही, हे सोपं दुखणं. आत एक छोटी दांडी असते. पिनने तिचं एक टोक दाबलं की दुसरं टोक ट्रेला बाहेर ढकलतं. पिन तिरकी गेली तर दांडीला चुकवून बाजूने निघून जाते, म्हणून कव्हर काढून पिन अगदी सरळ घालायची आणि आत कशाला तरी टेकल्याचं बोटाला जाणवलं की मगच जोर लावायचा. शिवणाची सुई वापरू नका, तिचं टोक रुततं. आणि भोक ट्रेच्या पट्टीवरचंच आहे ना, ते बघा. शेजारचं गोल भोक बहुतेक वेळा माइकचं असतं. त्यात पिन खुपसून "आवाज जात नाही" म्हणत येणारेही कमी नाहीत.

ट्रे थोडा बाहेर येऊन थबकला, तर मात्र हात आवरा. इथे ओढणं म्हणजे नुकसान, त्याला दुसरा अर्थ नाही.

रावपुऱ्यातला एक मुलगा आईचा फोन घेऊन आला होता. ट्रे तांदळाच्या दाण्याएवढा बाहेर येऊन अडकलेला. घरी त्याने पकड लावली, आणि ट्रेची बाहेरची पट्टी तुटून पकडीतच आली. "काका, अजून थोडं खेचलं तर येईल ना?" हे तो मला पट्टी हातात धरून विचारत होता. फोन बंद केला, भिंगातून आत पाहिलं तर सिमची मागची कड वर उठून रीडरच्या, म्हणजे फोनच्या आतल्या सिम वाचणाऱ्या भागाच्या, पत्र्याच्या झाकणाला अडकली होती. सिम जुन्या मोठ्या कार्डाचं, कात्रीने कापलेलं, आणि खाली सेलोटेपची घडी, "ढिलं वाटत होतं म्हणून."

यात काय बिघडलं ते नीट सांगतो. नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटर असतं हे लोकांना साधारण दिसतं, पण जाडी कोणी बघत नाही. नॅनोची जाडी ०.६७ मिलिमीटर, त्याआधीच्या मायक्रो आणि मिनी सिमची ०.७६. फरक जेमतेम एका कागदाचा, पण रीडरमध्ये मोकळी जागाही तेवढीच असते. आत जाताना सिमच्या सोनेरी बाजूला टेकणाऱ्या रीडरच्या स्प्रिंगा दबतात आणि जाडं सिम कसंबसं घुसतं. वर फोन तापला की टेपचा गोंद मऊ होतो आणि सिम खाचेतून सरकतं. ट्रे बाहेर ओढला की तीच सरकलेली कड झाकणाला आडवी येते.

अशा वेळी माझी सवय अशी. ट्रे आधी केसभर परत आत ढकलायचा, म्हणजे अडकलेली कड सैल होते. फोन अशा बाजूने धरायचा की सिम आपल्या वजनाने खाचेत बसेल, आणि तळहातावर हलकेच आपटायचा. एवढ्यावर पुष्कळदा काम होतं. त्या फोनचं झालं नाही. मग नव्या काचेवर येते ती पातळ फिल्म सिमच्या रुंदीएवढी कापली, पुढचे कोपरे गोल केले आणि सिमच्या प्लास्टिकच्या बाजूवरून आत सरकवली. फिल्मने कड दाबून धरली, चिमट्याने ट्रे आणि फिल्म एकदमच बाहेर आली. फिल्म सोनेरी बाजूने घालायची नाही, तिथे स्प्रिंगा असतात. काही ट्रेमध्ये एक सिम वरून आणि एक खालून बसतं, तिथे दोन्हीकडे स्प्रिंगा. तसल्या ट्रेत घरी फिल्म घालूच नका, आणा दुकानात.

सिम निघालं, पण पकडीच्या झटक्याने दोन स्प्रिंगा आडव्या झाल्या होत्या. वीज, क्लॉक, डेटा यांपैकी एकाही स्प्रिंगेने सोन्याला टेकणं सोडलं की फोन "No SIM" म्हणतो. रीडर बोर्डाला डाग देऊन बसवलेला असतो, तो गरम हवेने काढून नवा लावावा लागला. ट्रे स्वस्तात मिळतो, पण रीडर बदलायला पैसे लागतात. त्या माउलीच्या बिलातला मोठा भाग कात्रीचा नव्हे, पकडीचा होता.

आता कात्रीबद्दल. स्टेपलरसारखं सिम कटर असलं तरी ते कडा कापतं, जाडी नाही. जुन्या कार्डांवर सोनेरी पत्रा मोठा असायचा, नॅनोच्या मापात कापताना तोच कापला जातो. मधोमध पत्र्याच्या पाठीला चिप असते, तिच्यापासून केसाहून बारीक तारा त्या पत्र्याला जोडलेल्या असतात. कात्रीने कार्ड वाकलं तरी त्या तुटू शकतात, मग बाहेरून सिम अगदी छान दिसतं आणि चालत मात्र नाही. कापल्यावर पॉलिश पेपरने घासून जाडी कमी करणारे उत्साही लोक आहेत. ऑपरेटर सिम बदलून देत असताना हा उद्योग कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि ते 'ढिलं'. नवं नॅनो सिम ट्रेत ठेवल्यावर किंचित हलतं, ते हलायचंच. त्याला धरून ठेवतात त्या रीडरच्या स्प्रिंगा, ट्रे नव्हे. कापलेला कोपरा खाचेच्या कोपऱ्याशी जुळला आणि सिम सपाट बसलं की झालं. खाली कागद, टेप काही नको. फोन हलवल्यावर "No SIM" येत असेल तर आधी सोनेरी बाजू कोरड्या सुती कापडाने पुसा, मग तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा. तिथे नीट चाललं तर दोष तुमच्या ट्रेचा किंवा रीडरचा. ऑनलाइन मागवलेला 'सेम टु सेम' ट्रे बहुधा दुसऱ्याच मॉडेलचा निघतो. "No service" दिसत असेल तर फोनने सिम वाचलंय, ट्रे उचकटू नका.

अडॅप्टर फक्त जुन्या, मोठ्या खाचेच्या फोनसाठी, आणि तोही तळ असलेला. कार्डातून नॅनो काढल्यावर उरलेली चौकट म्हणजे अडॅप्टर नव्हे. तिला तळ नसतो, सिम आत सुटून पडतं. सर्वांत वाईट म्हणजे रिकामा अडॅप्टर आत घालून बघणं. मोकळ्या चौकटीत स्प्रिंगा वर येतात आणि बाहेर ओढताना हुकासारख्या अडकून मोडतात. ज्या फोनमध्ये सिम दाबून 'टक्' करून बसतं, त्यात अडॅप्टर नकोच.

तेव्हा जुनं सिम असेल तर ओळखपत्र घेऊन ऑपरेटरच्या दुकानात जा आणि नॅनो मागा. एक लक्षात ठेवा, सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही येणार नाही. सात दिवस पोर्टही करता येत नाही. वीजबिलाची शेवटची तारीख किंवा रेल्वेचं तत्काळ तिकीट असेल, तर आधी ते उरका आणि मगच सिम बदला.