झोंबतंय म्हणून साबणाकडे वळू नका

आयसीयूत रुजू होऊन चार महिने झाले होते. बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठीखाली कातडी कोरडी पडून लालसर दिसायला लागली. थंडीचे दिवस, म्हणून दुर्लक्ष केलं. मग पेरांवर बारीक चिरा पडल्या आणि अल्कोहोलचा हँडरब लावला की डोळ्यांत पाणी यायचं. मी हँडरब सोडला आणि दर वेळी साबणाने हात धुवायला लागले. माझं चुकलं ते इथेच. दोन आठवड्यांत चिरांतून रक्त यायला लागलं.

स्किन ओपीडीतल्या मॅडमनी नीट समजावलं. साबण त्वचेतला तेलकटपणा धुऊन नेतो, त्यातून चिरा पडतात. अल्कोहोल त्या चिरांना झोंबतं, पण त्वचेचं नुकसान साबणच जास्त करतो. हातावर रक्त किंवा घाण दिसत असेल, जुलाबाचा पेशंट असेल, तर साबण-पाणीच. एरवी 20 ते 30 सेकंद हँडरब पुरतो. दोन्ही पाठोपाठ करू नका, आणि हात पुरते कोरडे झाल्याशिवाय ग्लोव्हज चढवू नका.

"ड्यूटीवर किती वेळा धुता?" त्यांनी विचारलं. पंचवीसेक वेळा, मी म्हटलं. "आणि घरी?" याचा मी हिशोबच केला नव्हता. भांडी, फरशी, कणीक, त्यातून बोटात अंगठी, तिच्याखाली साबण साचलेला. त्या दिवसापासून भांडी घासताना अंगठी ओट्यावरच्या वाटीत असते. आत सुती आणि वर रबरी असे मोजे घालते, तेही पंधरा-वीस मिनिटांच्या वर नाही. आतून घामेजले की त्यांचाच त्रास होतो.

मलम स्टेरॉइडचं होतं, त्यांनी सांगितलं तितकेच दिवस लावायचं. त्यासोबत व्हॅसलिन, ड्यूटी संपल्यावर आणि झोपताना. तीन आठवड्यांत हात स्वच्छ दिसले, मी व्हॅसलिन थांबवलं आणि दहा दिवसांत सगळं परत आलं. वरून बरी दिसणारी त्वचा आतून सावरायला काही महिने लागतात, हे तेव्हा कळलं.

पुरळ कुठे आहे, तेही बघत जा. माझ्या सासूबाईंच्या फक्त डाव्या अंगठ्याची, तर्जनीची आणि मधल्या बोटाची टोकं फाटायची. त्याच बोटांत त्या लसूण धरतात. मॅडमनी ऐकताक्षणी लसूण म्हटलं. पुरळ हाताच्या पाठीवर असेल आणि मनगटाशी रेघ ओढल्यासारखं थांबत असेल, तर ग्लोव्हजच्या रबरातल्या रसायनांची ॲलर्जी असू शकते. त्यासाठी पॅच टेस्ट करतात. पाठीवर पट्ट्या दोन दिवस ठेवतात, त्या काढल्यावर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, म्हणून तारीख सुट्टीला जोडून घ्या. आणि एकाच तळहाताला कोंडा सुटत असेल, पायांनाही तसंच असेल, तर बुरशी असू शकते. खरवडून तपासून घ्या, त्याआधी मेडिकलमधून स्टेरॉइडचं मलम आणून लावू नका.